रिकाम्या जागेत एकाहून अधिक उत्तरे बसतात, तेव्हा व्याकरणाची वर्कशीट कशी तपासावी

सहावीच्या एका मुलीने मला तिची तपासलेली वर्कशीट आणून दाखवली होती. वाक्य होते, ‘काल मी बाजारात ___.’ तिने लिहिले होते ‘गेले’. त्यावर लाल फुली होती आणि शेजारी ‘गेलो’ असे लिहिलेले. तिने विचारले, “पण मी मुलगी आहे ना?” तपासणाऱ्याच्या हातात उत्तरसूची होती, सूचीत ‘गेलो’ होते, आणि गठ्ठा संपवायची घाई होती. ही फुली अज्ञानातून आलेली नव्हती, तपासण्याचा क्रम चुकल्यामुळे आली होती. सूची आधी वाचली की डोळे तेवढाच शब्द शोधत राहतात.

खाली दिलेला क्रम मराठी व्याकरणाच्या, पाचवी ते आठवीच्या रिकाम्या जागांसाठी आहे. शिक्षकांना तो लागेलच, पण घरी वर्कशीट तपासणाऱ्या पालकांनाही वापरता येईल. स्पर्धा परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांना तो लागू नाही. तिथे उत्तरतालिका ठरलेली असते आणि ती पटली नाही तर हरकत नोंदवायची रीत वेगळी आहे.

सगळी उदाहरणे या एकाच छोट्या वर्कशीटमधली आहेत:

१. आजी उद्या पुण्या___ जाणार आहे. (विभक्तीचा योग्य प्रत्यय लावा.)
२. काल मी बाजारात ___. (जाणे) (कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा.)
३. सुट्टीत वेळ मजेत ___. (जाणे) (कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा.)
४. पाऊस जोरात आला ___ सामना थांबला. (योग्य उभयान्वयी अव्यय लिहा.)
५. ___ मला सायकल आणली. (बाबा) (कंसातील शब्दाचे योग्य रूप लिहा.)

सोबतच्या सूचीत उत्तरे होती: ला, गेलो, गेला, म्हणून, बाबांनी. पाचही बरोबर आहेत. अडचण एवढीच की प्रत्येक ठिकाणी आणखीही काही बरोबर आहे.

## टप्पा १ : सूची न पाहता स्वतः सोडवा

वर्कशीटची एक कोरी प्रत घ्या आणि पेनाने सोडवा. नुसती मनात सोडवू नका. मनात सोडवताना पहिले उत्तर सुचले की आपण पुढच्या प्रश्नाकडे जातो. प्रत्येक जागेसाठी सुचेल ते सगळे एकाखाली एक लिहा, आणि हात थांबला की वाक्य मोठ्याने वाचून आणखी एखादे उत्तर सुचते का ते पाहा.

मग हीच कोरी प्रत आणखी दोघांकडून भरून घ्या. ते मराठीचे शिक्षक असण्याची गरज नाही. ते तुमच्या भागातले नसावेत, एवढेच पाहा. मी शाळेतल्या गणिताच्या मॅडमना (माहेर वऱ्हाडातले) आणि कोल्हापूरकडच्या शिपाईमामांना देतो. दुसऱ्या प्रश्नाला मॅडमनी बोलता बोलता ‘गेली’ म्हटले आणि मग खोडून ‘गेले’ लिहिले. मामांनी ‘गेलतो’ लिहिले, आणि वर सांगितले की त्यांच्या घरी बायकाही ‘मी गेलो’च म्हणतात. ही माहिती सूचीत नव्हती, आणि वर्गात मात्र ती बसलेलीच असते.

तपासा : एखाद्या जागेसाठी तिघांच्या मिळून एकच उत्तर आले तर ती जागा बंद आहे, ती सूचीवरून तपासा. दोन किंवा जास्त आली तर त्या प्रश्नाच्या आकड्याभोवती गोल करा. पुढचे टप्पे गोल केलेल्या प्रश्नांपुरतेच आहेत.

## टप्पा २ : सूचना आणि छापलेले शब्द यांनी काय बांधले आहे ते पाहा

कोणते उत्तर चालेल हे दोन गोष्टी ठरवतात: कंसातली सूचना, आणि वाक्यात आधीच छापलेली रूपे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होते. ती बाजूला ठेवा. मुलांच्या हातात ती नव्हती.

पहिल्या प्रश्नात ‘पुण्या’ हे सामान्यरूप छापलेले आहे आणि सूचना विभक्तीचा प्रत्यय मागते. म्हणजे ‘पुण्याकडे’ हे वाक्य कितीही सुंदर असले तरी ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय आहे, प्रत्यय नाही. ते उत्तर सूचनेबाहेर जाते. सूचना नुसती ‘रिकामी जागा भरा’ अशी असती तर ‘कडे’ला काट मारायचा हक्क आपल्याला नसता.

दुसऱ्या प्रश्नात ‘काल’ आहे, म्हणून वर्तमान आणि भविष्य गेले. पण कर्ता ‘मी’ आहे आणि मराठीत भूतकाळी ‘मी’चे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे फिरते. बोलणारा कोण ते वाक्यात कुठेच नाही. तिसऱ्या प्रश्नात तर काळही दिलेला नाही. तिथे ‘गेला’, ‘जातो’, ‘जाईल’, ‘जायचा’ असे सगळे दरवाजे सताड उघडे आहेत.

इशारा : छापलेले रूप चुकल्यामुळे जागाच बिघडल्याचेही कधी या टप्प्यावर कळते. ‘रामाने रावण___ मारला’ असे छापून प्रत्यय मागणारी वर्कशीट मी पाहिली आहे. ‘मारला’ हे रूप ‘रावण’ या प्रथमेतल्या कर्माशी जुळते, तो कर्मणी प्रयोग आहे, आणि जागेत काहीच बसत नाही. प्रत्यय हवा असेल तर ‘रामाने रावणा___ मारले’ असे छापावे लागते. मग भावे प्रयोग होतो आणि ‘ला’ व ‘स’ दोन्ही बसतात. असा बिघडलेला प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करा आणि त्याचा गुण एकूण गुणांतूनच काढून टाका. हुशार मुलांनी ती जागा कोरी ठेवलेली असते, आणि घाईत आपण त्यांचाच गुण कापतो.

## टप्पा ३ : प्रत्येक उघड्या जागेसाठी चार कप्पे करा

‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे दोन कप्पे अशा जागेला पुरत नाहीत. मी चार करतो:

- क : वाक्य शुद्ध, सूचनेत बसते, अर्थही सरळ.
- ख : वाक्य शुद्ध, सूचनेत बसते, पण अर्थ वेगळा होतो.
- ग : वाक्य शुद्ध, पण सूचनेबाहेर किंवा प्रमाण लेखनाबाहेर.
- घ : चूक.

आता पाचही प्रश्न या कप्प्यांत घालून पाहू. तपासणीचे खरे काम हेच आहे, पुढची फक्त अंमलबजावणी.

पुण्या___ जाणार. ‘ला’ आणि ‘स’ दोन्ही ‘क’मध्ये. ‘पुण्यास’ लिखाणातले वाटते आणि ‘पुण्याला’ बोलण्यातले, पण हा फरक शैलीचा आहे. ‘पुण्यात जाणार’ही शुद्ध आहे. गावात शिरणे असा त्याचा रोख असतो. मी ते ‘ख’मध्ये टाकतो. ‘पुण्याहून जाणार’ही ‘ख’. आजी पुण्याला पोचण्याऐवजी पुण्यातून निघते, एवढाच फरक, आणि आजी राहते कुठे ते वाक्याने सांगितलेले नाही. ‘कडे’ ‘ग’मध्ये. ‘पुण्याने’, ‘पुण्याचा’ ‘घ’मध्ये.

इथे एक गमतीचे उत्तर दरवर्षी एक-दोन कागदांवर सापडते: ‘पुण्याते’. द्वितीयेच्या तक्त्यात ‘स, ला, ते’ असे पाठ केलेले मूल प्रामाणिकपणे तिसरा प्रत्यय लावते. ‘ते’ जुन्या काव्यात आहे, आजच्या गद्यात कोणी तो लिहीत नाही. मी गुण देतो आणि शेजारी ‘आता वापरत नाहीत’ असे लिहितो. तक्ता आपणच पाठ करून घेतला, आणि कोणता प्रत्यय निवृत्त झाला हे मात्र सांगितले नाही.

काल मी बाजारात ___. ‘गेलो’, ‘गेले’, ‘गेलो होतो’, ‘गेले होते’, ‘जात होतो’, ‘जात होते’ ही सगळी ‘क’. मुलाने ‘गेले’ लिहिले किंवा मुलीने ‘गेलो’ लिहिले तरीही ‘क’च, कारण वाक्यातला ‘मी’ म्हणजे ते मूल नव्हे. कागदावरचे नाव पाहून क्रियापदाचे लिंग तपासणे ही या प्रश्नातली सर्वांत सहज होणारी चूक आहे.

‘गेली’, ‘गेलतो’, ‘गेलेलो’ ही रूपे ‘ग’मध्ये. बोलण्यात ती रोजची आहेत. ‘मी गेली’ विदर्भात आणि मुंबईत सर्रास ऐकू येते. ती अशुद्ध भाषा नाही, पण ही वर्कशीट प्रमाण लेखनाच्या सरावाची आहे. ‘जातो’ आणि ‘जाईन’ ‘काल’मुळे ‘घ’.

सुट्टीत वेळ मजेत ___. शालेय व्याकरणात दोन लिंगांत आढळणाऱ्या शब्दांच्या यादीत ‘वेळ’ असतो. माझ्या कानाला इथे ‘गेला’ बरे वाटते, कारण कालावधीसाठी मी ‘तो वेळ’ म्हणतो आणि नेमक्या घटकेसाठी ‘ती वेळ’: ‘तीन तासांचा वेळ गेला’, पण ‘गाडीची वेळ झाली’. पण हा माझ्या कानाचा कौल आहे. तो मुलांच्या गुणांवर चालवता येत नाही. ‘गेला’ आणि ‘गेली’ दोन्ही ‘क’, आणि काळ दिलेला नसल्याने ‘जातो’, ‘जाते’, ‘जाईल’ हीही ‘क’. ‘गेले’ आणि ‘गेलो’ मात्र ‘घ’. ‘वेळ’ नपुंसकलिंगी नाही, आणि तो प्रथम पुरुषही नाही. इथे ‘गेले’ लिहिणारे मूल बहुधा वरच्या प्रश्नातले उत्तर खाली उतरवत असते.

पाऊस जोरात आला ___ सामना थांबला. ‘म्हणून’ कारण-परिणाम दाखवते, ‘आणि’, ‘व’, ‘अन्’ नुसते जोडतात, ‘तेव्हा’ दोन्ही सांगू शकते. सूचनेत फक्त ‘योग्य उभयान्वयी अव्यय’ आहे, म्हणून ही सगळी ‘क’. ‘त्यामुळे’ पुस्तकातल्या परिणामबोधक अव्ययांच्या यादीत सापडेलच असे नाही. ते सर्वनामापासून झाले आहे असा आक्षेप एखादा सहकारी घेईल. काम मात्र ते तेच करते. मी ते ‘क’मध्ये धरतो आणि धरले आहे असे सूचीवर लिहून ठेवतो.

‘कारण’ आणि ‘पण’ यांच्यापाशी थांबावे लागते. ‘पाऊस जोरात आला कारण सामना थांबला’ या वाक्याची रचना निर्दोष आहे. म्हणून ते ‘ख’ वाटते, पण ते ‘घ’ आहे. उभयान्वयी अव्ययाचे कामच दोन वाक्यांतले नाते सांगणे हे आहे, आणि इथे नाते उलटे झाले. पुण्याहून जाणारी आजी शक्य आहे, पण सामना थांबल्याने येणारा पाऊस शक्य नाही. ‘पण’चेही तेच. ‘…पण सामना थांबला नाही’ असे असते तर ते बसले असते. छापलेल्या शब्दांत भर घातल्याशिवाय जे बसत नाही ते स्वीकारायचे नाही.

___ मला सायकल आणली. (बाबा) सूची म्हणते ‘बाबांनी’. आदरार्थी अनेकवचनाचे ते रूप बरोबरच आहे. पण आज वर्गातली निम्मी मुले वडिलांना ‘ए बाबा’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ‘बाबाने’ हेच येते. एकवचनी तृतीया म्हणून ते शुद्ध आहे. दोन्ही ‘क’. आदर शिकवायचा असेल तर तो वेगळा तास आहे.

‘बाबानी’ मात्र ‘घ’. हे शुद्धलेखन आहे म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार हेच इथे अनेकवचनाचे चिन्ह आहे. तो गेला की रूप ना ‘बाबाने’ राहते ना ‘बाबांनी’. बोलताना ‘आईनी सांगितलं’ असे पुष्कळ घरांत म्हणतात, त्यामुळे हे उत्तर ढिगाने येते. त्यावर नुसती फुली मारू नका. अनुस्वाराची जागा दाखवून द्या.

तपासा : ‘घ’मध्ये टाकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण चार-पाच शब्दांत लिहिता आले पाहिजे: ‘काल’शी जुळत नाही, नाते उलटे, अनुस्वार नाही. ‘कानाला बरे वाटत नाही’ एवढेच कारण सुचत असेल तर ते उत्तर ‘घ’मधून काढा.

## टप्पा ४ : गुण कसे द्यायचे ते पहिला कागद उघडण्याआधी ठरवा

‘क’ला गुण आणि ‘घ’ला शून्य, यात वाद नाही. ‘ख’ला मी पूर्ण गुण देतो. अर्थ कोणता हवा हे वर्कशीटने सांगितले नसेल तर दुसऱ्या अर्थाचा दंड मुलाने का भरावा?

‘ग’साठी एकच उत्तर नाही, ते वर्कशीट कशासाठी आहे त्यावर ठरते. सरावाची असेल तर गुण कापू नका, शब्दाखाली नागमोडी रेघ ओढा आणि प्रमाण रूप शेजारी लिहा. घटक चाचणीची असेल आणि ‘प्रमाण भाषेत लिहा’ हे आधी सांगितलेले असेल तर गुण कापता येतो. आधी सांगितले नसेल तर कापू नका. अर्धा गुण देऊ नका. एका शब्दाच्या जागेत अर्धा गुण म्हणजे तपासणाऱ्याचा निर्णय झालेला नाही, याचीच कबुली असते.

लेखनातली चूक आणि व्याकरणातली चूक वेगळी ठेवा. चौथ्या प्रश्नात ‘म्हणुन’ लिहिले तर अव्यय बरोबर निवडलेले आहे. ऱ्हस्व उकाराभोवती गोल करा, गुण द्या. पाचव्यात ‘बाबानी’ला शून्य. हे दोन्ही निर्णय मुलांना विसंगत वाटतात, म्हणून उजळणीच्या वेळी सांगावे लागतात. दुसऱ्या एखाद्या वाक्यात नपुंसकलिंगी ‘गेले’ऐवजी ‘गेलं’ लिहिले तर तोही लेखनाचा मुद्दा आहे. संवादात ‘गेलं’ चालते, औपचारिक लिखाणात एकारान्त रूप लिहायचे. शेजारी तसे लिहा, पुरे.

## टप्पा ५ : पहिली फेरी पेन्सिलने, प्रश्नवार

चाळीस कागदांचा गठ्ठा असेल तर आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. कागद जास्त वेळा उलटावे लागतात, हात दुखतो, हे खरे. पण एकेक कागद पूर्ण तपासत गेलो तर पाचव्या कागदावर ‘पुण्यास’ला फुली मारतो आणि तिसाव्यावर थकून बरोबर करतो, आणि दोन्ही मुले एकाच बाकावर बसलेली असतात.

ही फेरी पेन्सिलनेच करा, कारण चार कप्प्यांत न घातलेले उत्तर हमखास येते. ते आले की कोपऱ्यात टिंब द्या, उत्तर वेगळ्या कागदावर उतरवा आणि पुढे चला. तिथल्या तिथे निकाल लावू नका. मागच्या गठ्ठ्यात मला ‘काल मी बाजारात जाऊन आलो’ असे उत्तर सापडले. पहिल्यांदा वाटले, हे तर दुसरेच क्रियापद. तेच उत्तर आणखी सहा कागदांवर निघाले. मग थांबून पाहिले. ‘जाऊन’ हे ‘जाणे’चेच रूप आहे, वाक्य अगदी घरगुती मराठी आहे, आणि सूचनेत ‘एकच शब्द लिहा’ असे कुठेही नव्हते. ते ‘क’मध्ये गेले. पहिल्याच कागदावर लाल पेन टेकवला असता तर उरलेल्या सहांवरही ती फुली गेली असती.

इशारा : एकच वेगळे उत्तर शेजारशेजारच्या पाच-सहा कागदांवर आले म्हणजे कॉपी झाली, असे लगेच धरू नका. त्या मुलांना आधीच्या वर्षी कोणी शिकवले ते विचारा. ‘पुण्याते’ असेच एका शिकवणीच्या वर्गातून आलेले निघाले.

## टप्पा ६ : अडलेली उत्तरे सोडवा, मग लाल पेन घ्या

टिंब दिलेले प्रत्येक उत्तर तीन प्रश्नांतून न्या, आणि याच क्रमाने.

पहिला: छापलेला एकही शब्द न बदलता वाक्य पूर्ण होते का? नसेल तर ‘घ’, पुढे जाण्याची गरज नाही. दुसरा: सूचना पाळली आहे का? नसेल तर ‘ग’. तिसरा: हे वाक्य खरोखर कोणी कुठे म्हणेल असा साधा प्रसंग एका वाक्यात सांगता येतो का? ‘आजीचा मुक्काम पुण्यात संपला, उद्या ती निघेल’ हा साधा प्रसंग आहे. ‘पाऊस जोरात आला की सामना थांबला’ हे उत्तर मात्र मला बराच वेळ घोळवत राहिले. ‘की’ चालेल, पण ‘थांबतो’सोबत. ‘थांबला’ ठेवायचे तर शेवटी ‘म्हणून समजा’ असे काहीतरी जोडावे लागते. म्हणजे ते पहिल्याच प्रश्नात अडते.

मूल स्वतः तक्रार घेऊन आले तर हाच तिसरा प्रश्न त्याला विचारा: “कुठे म्हणशील असं?” प्रसंग त्याला पटकन सांगता आला आणि शब्द बदलावे लागले नाहीत, तर गुण वाढवा. मग तेच उत्तर लिहिणाऱ्या सगळ्यांचे वाढवा, फक्त विचारायला आलेल्याचे नव्हे. गठ्ठा परत देईपर्यंत टिंबांची यादी जपून ठेवायची ती यासाठीच.

## टप्पा ७ : वर्गातली उजळणी

कागदांची अदलाबदल करून, सूची वाचून दाखवून एकमेकांचे तपासायला लावणे बंद जागांसाठी ठीक आहे. उघड्या जागांसाठी ते करू नका. ‘ला’ ऐकल्यावर शेजारचा मुलगा ‘स’वर बिनधास्त फुली मारतो, आणि ती पुसायला गेलात की भांडण मिटवण्यात तास जातो.

फळ्यावर वाक्य लिहा आणि वर्गातून आलेली सगळी उत्तरे, चुकीची धरून, खाली उतरवा. मग मुलांना एकेक उत्तर घालून पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायला लावा आणि विचारा: “आजी आता कुठे आहे?” ‘पुण्याला’ म्हणताना ती दुसरीकडे असते, ‘पुण्याहून’ म्हणताना पुण्यातच. हा फरक मुले स्वतः सांगतात. मग ‘ला’ आणि ‘स’ जोडीने ठेवून तोच प्रश्न विचारा. आजी हलत नाही. दोन उत्तरे समान आहेत म्हणजे काय, हे असे दाखवता येते.

इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. एक, ‘दोन्ही चालतात’ एवढेच सांगून पुढे जाणे. आठवडाभरात मुलांचा समज होतो की मराठीत काहीही चालते. म्हणून प्रत्येक उघड्या प्रश्नाखाली फळ्यावर निदान एक ‘घ’ ठेवा आणि ते का पडले हे मुलांकडूनच काढून घ्या. दुसरी, पसंतीचे उत्तर ठसठशीत लिहून बाकीची कंसात टाकणे. मुले कंसातले उतरवून घेत नाहीत.

बोलीतली रूपे आली की आवाज सांभाळा. ‘मी गेली’ म्हणणाऱ्या मुलीची आई तसेच बोलते. ‘घरी गेली, वहीत गेले’ असे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले की पुरते.

## टप्पा ८ : पुढच्या वेळेसाठी वर्कशीट दुरुस्त करा

हे त्याच दिवशी करा. महिनाभराने कोणती जागा का उघडी होती ते आठवत नाही.

प्रत्येक उघडी जागा बंद करायची नसते. ‘ला’ आणि ‘स’ यांतले एकच यावे म्हणून धडपडू नका, ती भाषेतलीच मोकळीक आहे. पण ‘हून’ नको असेल तर एक तुकडा जोडला की झाले: ‘आजी उद्या पुण्या___ जाणार आहे, तिथेच चार दिवस राहील.’ दुसऱ्या प्रश्नात ‘मी’ काढून ‘सई’ घाला, आणि एकच शब्द हवा असेल तर तसे लिहा. तिसऱ्यात कंसात काळ द्या: (जाणे, भूतकाळ). लिंग मोकळेच ठेवा आणि सूचीत ‘गेला/गेली’ अशी दोन्ही रूपे छापा. पाचव्यात ‘बाबांनी’च हवे असेल तर कंसात (बाबा, आदरार्थी) असे लिहा.

चौथ्या प्रश्नात ‘परिणामबोधक उभयान्वयी अव्यय लिहा’ अशी सूचना केली की ‘आणि’ व ‘व’ आपोआप बाहेर पडतात. मी मात्र ती जागा तशीच ठेवून सूचना बदलली: ‘हे वाक्य दोन वेगवेगळ्या अव्ययांनी पूर्ण करा आणि अर्थात काय फरक पडला ते एका ओळीत लिहा.’ गुण एकाचे दोन केले. पहिल्याच वेळी एका मुलाने लिहिले, “‘आणि’ने फक्त कळतं, ‘म्हणून’ने पावसाला दोष जातो.” सूचीत असे उत्तर नव्हते, ते नंतर हाताने लिहिले.

शेवटी सूचीच्या मथळ्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडा: ‘यावर्षी मान्य केलेली आणखी उत्तरे’ आणि ‘अमान्य, कारणासह’. पुढच्या वर्षी गठ्ठा दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर ‘जाऊन आलो’चा निकाल त्यांना पुन्हा पहिल्यापासून लावावा लागणार नाही.